दारामागची आगीची सूचना

हॉटेलच्या खोलीच्या दारावर आतून लावलेली आगीची सूचना पाहुणा बहुधा धूर दिसल्यावरच वाचतो. वारंगा फाट्यावर नांदेड–हिंगोली आणि तुळजापूर–नागपूर हे रस्ते एकत्र येतात. तिथे रात्री मुक्कामाला थांबलेल्याला गावही अनोळखी आणि जिनाही. म्हणून मराठी-इंग्रजी मजकूर लिहिताना पाहुण्याने काय करायचे हे आधी ठरवावे, शब्द मागाहून.

रूढ इंग्रजी सूचना 'डू नॉट यूज द लिफ्ट' अशी असते. तिचे कार्यालयीन मराठी होते, 'उद्वाहनाचा वापर करण्यात येऊ नये'. उद्वाहनाच्या जागी लिफ्ट लिहिले, तरी निम्माच दोष जातो. इंग्रजीत नकार आधी येतो, मराठीत शेवटी. घाईत अर्धेच वाक्य वाचले गेले, तर 'लिफ्ट वापरा' एवढाच अर्थ हाती लागायचा. म्हणून मराठीत करायची गोष्ट आधी सांगावी: 'जिन्यानेच उतरा. लिफ्ट नको.' इंग्रजीही तितकेच आखूड ठेवावे: 'यूज द स्टेअर्स. नो लिफ्ट.'

दिशेची चूक याहून महाग पडते. 'जिना उजवीकडे' म्हणजे बाहेरून दाराकडे तोंड करून की बाहेर पडल्यावर? 'खोलीबाहेर पडल्यावर उजवीकडे वळा, तिसऱ्या दारानंतर जिना' असे लिहिले की शंका उरत नाही, शिवाय धुरात दारे हाताने चाचपत मोजता येतात. समोरच्या खोलीत हाच कागद लावला, तर मात्र तो माणसाला उलट दिशेला पाठवील. प्रत्येक खोलीचा कागद वेगळा हवा आणि लावण्याआधी त्याप्रमाणे चालून पाहायला हवे.

12 फेब्रुवारी 2019 रोजी पहाटे दिल्लीतील करोल बागच्या अर्पित पॅलेस हॉटेलात आग लागून 17 जण मेले, बहुतेक गुदमरून. एकच जिना असलेल्या लॉजमध्ये तो धुराने भरला, तर 'जवळच्या मार्गाने बाहेर पडा' या वाक्याला अर्थ उरत नाही. तिथे दुसरी सूचना तितक्याच ठळक अक्षरांत हवी: 'दाराला हाताची मागची बाजू लावून पाहा. दार गरम असेल किंवा बाहेर दाट धूर असेल तर दार उघडू नका. ओला टॉवेल दाराखालच्या फटीत कोंबा. खिडकीतून हाका मारा.' इथला नकार टाळता येत नाही, म्हणून 'उघडू नका' हे शब्द लाल, जाड अक्षरांत छापावेत.

शेवटी 112 हा क्रमांक. नुसता क्रमांक पुरत नाही, कारण फोन उचलणारा दूर बसलेला असतो आणि पाहुण्याला आपण कुठे आहोत ते सांगता येत नाही. क्रमांकाखाली हॉटेलचे नाव, 'वारंगा फाटा, तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली', मजला आणि खोलीचा क्रमांक दोन्ही लिपींत छापावा. हॉटेलात नसलेल्या अलार्मचा किंवा दुसऱ्या जिन्याचा उल्लेख दुसरीकडच्या नमुन्यातून उतरला असेल, तर तो आजच खोडून टाकावा.