घोट्याचा हिशेब

स्क्वॉटमध्ये माणूस पुढे झुकला की जिममध्ये पहिली हाक येते, ‘छाती वर!’ टाच उचलली गेली की दुसरी, ‘वजन टाचेवर ठेव!’ दोन्ही सूचना ऐकणारा मनापासून प्रयत्न करतो आणि पुढच्या रेपला पुन्हा तेच होते. ही चूक इच्छाशक्तीची नसून बहुतेक वेळा घोट्यातल्या अंशांची असते, हे समजायला व्यायामशास्त्राला बराच काळ लागला. तोवर दोष आधी गुडघ्यावर गेला, मग पाठीवर.

खरे तर घोट्याकडे पहिले लक्ष गेले होते ते हाडांचा अभ्यास करणाऱ्यांचे. 1889 साली आर्थर थॉमसन यांनी आणि 1893-94 मध्ये लाहोरला शरीररचनाशास्त्र शिकवणाऱ्या हॅवलॉक चार्ल्स यांनी नडगीच्या खालच्या टोकाच्या पुढच्या कडेवर आणि तिच्याखालच्या टॅलस हाडाच्या मानेवर छोटे गुळगुळीत पृष्ठभाग असल्याचे नोंदवले. उकिडवे बसताना नडगी इतकी पुढे येते की ही दोन हाडे तिथे एकमेकांना टेकतात. चार्ल्स यांच्यासमोर पंजाबी माणसांची हाडे होती, म्हणजे रोज उकिडवे बसणाऱ्यांची. घोटा किती पुढे वाकतो आणि शेवटी कुठे हाडाला हाड लागून थांबतो, याचा तो लेखी पुरावा होता. पण तो मानववंशशास्त्राच्या कपाटात राहिला. बारबेल उचलणाऱ्यांपर्यंत पोहोचला नाही.

त्यांच्यापर्यंत पोहोचली ती गुडघ्याची भीती. 1961 मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या कार्ल क्लाइन यांनी खोल स्क्वॉटने गुडघ्याचे अस्थिबंध सैल होतात असा निष्कर्ष मांडला. पुढच्या अभ्यासांत तो टिकला नाही, पण भीती टिकली. त्याच वातावरणात ‘गुडघा पायाच्या बोटांपुढे जाता कामा नये’ हा नियम रुजला. या नियमाचा अर्थ नीट पाहिला तर ज्याचा घोटा छान वाकतो त्यालाही तो वाकवायला मनाई, असा होतो. न आखडलेला घोटा आपणच आखडलेला करून ठेवायचा!

2003 मध्ये फ्राय, स्मिथ आणि शिलिंग यांनी हेच करून मोजले. सराव असलेल्या सात पुरुषांनी आपल्या वजनाइतका बार घेऊन स्क्वॉट केला, एकदा मोकळेपणी आणि एकदा बोटांसमोर फळी उभी करून, म्हणजे गुडघा पुढे जाऊच नये. फळीमुळे गुडघ्यावरचे वळणबल सुमारे 150 वरून 117 न्यूटन-मीटरवर आले. खुब्यावरचे मात्र सुमारे 28 वरून 303 वर गेले. गुडघ्याचे थोडेसे वाचवले आणि त्याच्या कितीतरी पट खुब्याच्या अंगावर टाकले. नडगी पुढे आली नाही की धड पुढे जाते, हे या प्रयोगाइतके स्वच्छ मला दुसरीकडे कुठे दिसलेले नाही.

असे का होते, ते एका माणसावर मोजून पाहू. त्याची नडगी 40 सेंटिमीटर, मांडी 42, आणि खुब्यापासून खांद्यावरच्या बारपर्यंतचे अंतर 48. बार पायाच्या मध्यावर राहिला नाही तर तो पुढे किंवा मागे पडणार. हा मध्य घोट्याच्या साधारण 6 सेंटिमीटर पुढे असतो. हा माणूस मांडी जमिनीला समांतर होईपर्यंत बसतो. त्याची नडगी उभ्या रेषेपासून 35 अंश झुकत असेल तर गुडघा घोट्याच्या 23 सेंटिमीटर पुढे येतो, खुबा 19 मागे राहतो, आणि बार मध्यावर आणायला धड सुमारे 31 अंश झुकवावे लागते. आता घोटा 20 अंशांवरच अडला असे धरा. गुडघा 14 सेंटिमीटरच पुढे येतो, खुबा 28 मागे जातो, आणि धड 45 अंशांवर येते. खुब्यापासून बारचे आडवे अंतर 25 वरून 34 सेंटिमीटर झाले, म्हणजे तेच वजन पाठीला आणि खुब्याला एक तृतीयांशाहून अधिक जड. घोट्याने पंधरा अंश दिले नाहीत, ते धडाने जवळजवळ तेवढेच भरले.

ज्याला तसे झुकायचे नाही, तो ‘छाती वर’ ऐकून धड सरळ धरतो. मग तोल मागे जाऊ लागतो, आणि पडायचे नसेल तर गुडघा पुढे ढकलण्यावाचून उपाय नाही. घोटा वाकत नाही, म्हणून नडगीबरोबर सगळे पाऊलच पुढे कलते. बाजूने पाहिले तर आधी टाचेखालून कागद सरकेल इतकी फट दिसते, मग अंगठ्याचे नख दाबून पांढरे पडते आणि सारा भार चवड्यावर येतो. टाच उचलणे आणि धड झुकणे या एकाच तुटीच्या दोन वाटा आहेत. तिसरीही आहे: पाऊल आत कोसळते, कमान सपाट होते, गुडघा आत वळतो. 2012 मध्ये मॅक्रम आणि सहकाऱ्यांनी लोकांच्या चवड्याखाली 12 अंशांची पाचर ठेवून घोट्याची हालचाल कमी केली, तेव्हा गुडघे आत जाताना दिसले.

आपल्या तालमीतली बैठक या संदर्भात पाहण्यासारखी आहे. तिथे खाली जाताना टाच मुद्दाम उचलतात, धड ताठ राहते, गुडघे खुशाल पुढे जातात. घोट्याची अडचण त्यांनी टाच सोडून देऊन मिटवली. अंगावर बार नसल्याने ते चालते. शंभर किलो खांद्यावर घेऊन चवड्याएवढ्या जागेवर तोल सांभाळणे वेगळे.

वेटलिफ्टरांनी टाच सोडली नाही, तिच्याखाली उंची घातली. त्यांच्या बुटाची टाच साधारण 2 सेंटिमीटर उंच असते. टाच ते चवडा 18 सेंटिमीटर धरले तर हा उतार सुमारे 6 अंशांचा होतो. वरच्याच माणसाचे धड 45 वरून 39 अंशांवर येते. 2012 मध्ये सातो आणि सहकाऱ्यांनी अशा बुटांत धड कमी झुकते असे प्रत्यक्ष मोजलेही. याउलट पोटरी ताणण्याच्या अभ्यासांचा 2006 मध्ये घेतलेला आढावा सांगतो की ताणण्याने सरासरी 2 ते 3 अंश मिळतात. माझे मत असे बनले आहे की वर्षानुवर्षे पोटरी ताणत बसण्याआधी टाचेखाली काहीतरी ठेवून पाहावे. त्याने निदानही होते. दोन्ही टाचांखाली अडीच किलोच्या प्लेट ठेवा आणि हलक्या वजनाने बसा. धड लगेच उभे झाले तर अडचण घोट्याची होती. फारसा फरक पडला नाही, तर मांडीची लांबी पाहा. वरच्या माणसाची मांडी 42 ऐवजी 46 सेंटिमीटर असती, तर 35 अंश वाकणारा घोटा असूनही त्याचे धड 37 अंश झुकले असते. त्या माणसाला झुकल्याबद्दल ओरडणे अन्याय आहे. पाय जरा रुंद ठेवून गुडघे बाहेर उघडायला सांगावे. समोरून मागे मोजली जाणारी मांडी त्याने आखूड होते.

अंश मोजायला भिंत पुरते. पाऊल भिंतीकडे करून टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा आणि अंगठा मागे मागे न्यायचा. अंगठा आणि भिंत यांच्यातल्या दर सेंटिमीटरला नडगी साधारण साडेतीन अंश झुकते. 10 सेंटिमीटर म्हणजे सुमारे 35 अंश. गुडघा वाकलेलाच ठेवायचा, कारण स्क्वॉटमध्येही तो वाकलेला असतो आणि तेव्हा पोटरीचा वरचा स्नायू सैल पडून खालचा, सोलियस, अडवतो. गुडघा सरळ ठेवून केलेले ताण म्हणूनच इथे फारसे उपयोगी पडत नाहीत. शेवटी ताण कुठे जाणवतो ते विचारायचे. पोटरीत खालच्या बाजूला जाणवला तर काही अंश मिळवता येतील. घोट्याच्या पुढे, बुटाची नाडी बांधतो तिथे टोचल्यासारखे झाले, तर टॅलस आणि नडगी एकमेकांना भिडत आहेत. तिथे जोर लावून काही मिळणार नाही. अशा माणसाने टाचेखालची पाचर कायम ठेवून स्क्वॉट करावा.