आधी घरात सांगावं

टेंभुर्णीसारख्या गावातून वाळूजला किंवा पुण्याला कंपनीत गेलेल्या मुलाची नोकरी सुटते, तेव्हा पगाराच्या चिंतेइतकीच एक चिंता त्याला खाते. गावात काय सांगायचं?

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानं कामगार कपातीची व्याख्या केली, तेव्हा शिस्तभंगाची शिक्षा म्हणून काढणं तिच्यातून वगळलं. म्हणजे कपात ही शिक्षा नव्हे. आणि नोकरी जाणं म्हणजे कसब नसणंही नव्हे. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि हजारो कामगारांना पुन्हा काम मिळालं नाही. त्यांच्या हातांत कसब होतंच. आजच्या मुलाच्या हातातही ते आहे.

तरी लाज वाटते, आणि माणूस लपवतो. रोज डबा घेऊन बाहेर पडतो, लग्नातला आहेर उसने काढून करतो. मग गावचाच एखादा सहकारी फोनवर बोलून जातो. तेव्हा घरच्यांना नोकरी जाण्यापेक्षा लपवणं जास्त लागतं.

म्हणून आधी बायकोला सांगावं, मग आईवडिलांना, शक्यतो समोर बसून. काय झालं, हातात किती महिन्यांचा खर्च आहे, हप्त्यांचं काय करायचं आणि काम कुठं शोधतोय, एवढं सांगितलं की पुरे. नातेवाइकांना एकच वाक्य: "कंपनीनं माणसं कमी केली, त्यात मीही आहे, कुठं जागा असेल तर कळवा." काम पुष्कळदा ओळखीतूनच कळतं, आणि लपवणाऱ्या माणसाला ते कोणी कळवत नाही.