परवानगीतली एक अट

सीईटीचा निकाल लागला आणि इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचा पसंतीक्रम भरायची मुदत जवळ आली, की मुली असलेल्या कितीतरी घरांत रात्री उशिरापर्यंत बोलणी चालतात. बार्शी तालुक्यातल्या अशाच एका घराची ही गोष्ट. गोष्ट रचलेली आहे. मुलीला वैशाली म्हणू. वय सतरा. तिला पुण्याला शिकायचं आहे, आणि तिच्या वडिलांचं, आण्णांचं, म्हणणं आहे की घरापासून वीस किलोमीटरवर कॉलेज आहे, एसटीने जा-ये कर.

प्रश्न क्रमाचा होता. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं, की तीच जागा पक्की. पुढच्या फेऱ्यांत बदल नाही. जवळचं कॉलेज वर टाकलं तर तिच्या गुणांना ते हमखास मिळणार आणि पुण्याचा विषय संपणार. लॉगिन तिच्याच मोबाइलवर होतं. “गुपचूप क्रम बदल, नंतर सांग,” असं मैत्रीण म्हणालीसुद्धा. वैशालीने तसं केलं नाही. चोरून मिळवलेल्या जागेवर पहिली अडचण आली, की ती घरी कुठल्या तोंडाने सांगायची?

जेवणं झाल्यावर तिने सोयाबीनची आडतपट्टी उलटी केली आणि कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला. वर्षाला आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना इंजिनिअरिंगसारख्या अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क 2024 पासून सरकारने माफ केलं आहे. ही सवलत शासनाच्या प्रवेश फेरीतून गेलं तरच मिळते, व्यवस्थापन कोट्यातून नाही. एसटीचं तिकीट बायकांना 2023 पासून निम्मं. राहिलं वसतिगृह आणि मेस. तिने महिना सात हजार धरले.

आण्णांनी पट्टी दोनदा वाचली. “सात हजाराचं बघू. पर दोन गाई पहाटे कोण पिळणार?”

हे ऐकून तिला बरं वाटलं असेल, असं मला वाटतं. इतकी वर्षं ती जे काम करत होती, ते त्या रात्री पहिल्यांदा हिशेबात आलं. आई म्हणाली, “एक गाय इकू. एकीचं मी बघते.” तो मुद्दा तिथेच मिटला.

मग “लोक काय म्हणतील” निघालं. वैशाली एवढंच म्हणाली, “दादाला भोसरीला आयटीआयला धाडलं, तवा लोकांना इचारलं व्हतं का?” आण्णा गप्प बसले. या मुद्द्याला याहून जास्त उत्तर लागत नाही.

खरा अवघड मुद्दा शेवटी आला. आण्णा म्हणाले, “जा. पर काय बी वंगाळ कानावर आलं, कुणी तरास दिला, तर त्याच दिवशी सामान उचलायचं अन् घरी यायचं.”

बापाच्या काळजातून आलेली ही अट आहे, आणि बहुतेक घरांत मुलगी ती आनंदाने मान्य करते. वैशालीने केली नाही. “आण्णा, असं ठरलं तर मला कुणी तरास दिला तरी मी तुमाला सांगणार न्हाय. सांगितलं की शिक्षण बंद, हे ठाऊक असल्यावर कशी सांगू?”

आण्णांनी मुलीच्या रक्षणासाठी घातलेल्या अटीने तिचं तोंड बंद होणार होतं. पाठलाग करणारा, धमकीचे मेसेज टाकणारा याच भीतीवर जगतो. पोरगी घरी बोलणार नाही, हे त्याला पक्कं माहीत असतं. गुन्हा त्याने करायचा आणि कॉलेज तिने सोडायचं, हा उलटा न्याय घराघरांत प्रेमापोटी चालतो, म्हणून तो अन्याय वाटत नाही.

तिने स्वतःची अट मांडली. काहीही झालं तर त्याच दिवशी घरी फोन करायचा, हे तिचं वचन. फोन आला तर आण्णांनी पुण्याला यायचं, तिच्यासोबत कॉलेजच्या तक्रार समितीकडे, गरज पडली तर पोलिसांकडे जायचं, आणि तिला तिथेच ठेवून परत यायचं, हे आण्णांचं वचन. अभ्यासाचं वेगळं: एखादा विषय राहिला तर चालेल, सबंध वर्ष वाया गेलं तर ती आपणहून परत येईल.

आण्णांना शेवटचं वाक्य सोपं गेलं, मधलं जड गेलं. “तिथंच ठेवून यायचं?” त्यांनी दोनदा विचारलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, गोठ्यात वैरण टाकताना, ते हो म्हणाले. पुण्याची कॉलेजं वर गेली.

या आठवड्यात ज्यांच्या घरी ही बोलणी चालली आहेत, त्या वडिलांना माझी विनंती आहे. वसतिगृह बघून या, वॉर्डनचा नंबर घ्या, पैशाचा हिशेब कडक ठेवा. पण “काही झालं तर परत ये” हे वाक्य मागे घ्या, आणि मुलीला तिच्या तोंडावर सांगा: काही झालं तर मला सांग, मी येतो, तुझं शिक्षण थांबणार नाही.