पत्रिका ऐकण्यापूर्वीचा निवाडा

ज्या प्रमाणाच्या आधारे निवाडा द्यावयाचा, ते प्रमाण अर्धवट ऐकून निवाडा देण्याचा अधिकार पित्यास तरी आहे काय? नोकरीनिमित्त वडोदऱ्यास राहणाऱ्या एका मुलीने फोंड्यास आपल्या वडिलांना लिहिलेले पत्र वाचून हा प्रश्न आम्हांस पडला. ती लिहिते : “ती. बाबांस सा. न. वि. वि. मी निवडलेल्या मुलाची व माझी नाडी एक आहे, एवढे ऐकताच तुम्ही पत्रिका मिटलीत. तुम्ही होकार द्यावा म्हणून हे लिहीत नाही. पत्रिका शेवटपर्यंत ऐका, मग काय ते ठरवा, एवढीच विनंती.”

मुलीचे नक्षत्र रोहिणी, मुलाचे कृत्तिकेचे तिसरे चरण. दोघांची अंत्य नाडी आणि म्हणून नाडीचे आठही गुण शून्य. वडील येथेच थांबले. परंतु दोघांची रास वृषभ आहे. रास एक व नक्षत्रे भिन्न असता नाडीदोष मानू नये, असे मुहूर्तचिंतामणी हा ग्रंथच सांगतो. मुलीचा मनुष्यगण व मुलाचा राक्षसगण यांचा दोषही त्याच नियमाने टळतो. शिवाय वर्णाचा एक, वश्याचे दोन, तारेचे तीन, ग्रहमैत्रीचे पाच व राशिकूटाचे सात मिळून अठरा गुण भरतात, आणि योनीचे त्यांत आणखी पडतात. छत्तिसांपैकी अठरा ही प्रचलित मर्यादा येथे नाडीवाचूनही ओलांडली जाते.

दुसरी गोष्ट अशी की, हे छत्तीसही गुण केवळ चंद्राच्या नक्षत्रावरून व राशीवरून काढतात. लग्न, सप्तमस्थान, मंगळ यांचा विचार त्यांत येतच नाही. म्हणजे पत्रिकेचे पहिले पान उलटण्यापूर्वीच वडिलांनी ती वाचून संपविली होती.

आपल्याकडे देवापुढे कौल लावतात. मूर्तीस लावलेली कळी उजवीकडून पडेल की डावीकडून, याची वाट पाहत माणूस हात जोडून उभा राहतो. कळी पडण्यापूर्वीच उत्तर ठरवून जो देवळाबाहेर पडतो, त्याने कौल घेतला असे कोणी म्हणणार नाही. त्याने देवाच्या नावावर आपलेच मत घरी नेले.

मात्र हा नियम मुलीलाही बांधतो. सप्तमस्थान प्रतिकूल निघाले, तर “मी पत्रिका मानीत नाही” असे तिला म्हणता येणार नाही. पत्राच्या शेवटी तिने हे ओळखले आहे : “पत्रिका विरुद्ध गेली तर तेही मी ऐकेन, पण मग मुलाला घरी बोलावून त्याचेही ऐका. त्याचा स्वभाव कोणत्याच घरात लिहिलेला नसतो.”

आमच्या मते पत्राचे सार या वाक्यात आहे. कन्या सज्ञान आहे; विवाहास पित्याची संमती कायद्याने आवश्यक नाही. तरीही ती विचारते, कारण तिला परवानगीहून पित्याचा न्याय मोलाचा वाटतो. ऐकून घेतल्यावर दिलेला नकार ती सोसू शकेल. न ऐकता दिलेला होकारही कदाचित तिला रुचणार नाही.