उजव्या वळणाची उधारी

अडचण टाळणे हा गुण की दोष, या प्रश्नाचा निकाल आपल्या पूर्वजांनी लावून ठेवला आहे. फक्त तो दोन्ही बाजूंनी लावला आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे एका तोंडाने सांगायचे आणि टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असे दुसऱ्या. आता ज्याला कोर्टही नको आणि देवपणही नको, फक्त मोटार चालवायचा परवाना हवा, त्याने काय करावे?

आमच्या शाखेचे हेडकॅशियर या पेचात सापडले. वय पंचावन्न, नोटांचे बंडल नुसते हातात धरून एक नोट कमी आहे हे सांगणारा माणूस. मुलाने परदेशी जाताना गाडी मागे ठेवली, म्हणून यांनी शिकाऊ परवाना काढला. तो काढल्यापासून तीस दिवस गेल्याखेरीज पक्क्या परवान्याची परीक्षा देता येत नाही. ते तीस दिवस त्यांनी मुदतठेवीसारखे मोजले. परीक्षेला स्वतःचीच गाडी न्यायची होती, आणि शेजारी परवानाधारक माणूस हवा, म्हणून मला बसवले. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत असे आहे की, शेजारच्याने वेळ पडल्यास गाडी थांबवता येईल असे बसावे. म्हणजे माझा हात हँडब्रेकपाशी आणि जीव मुठीत.

जायच्या आधी त्यांनी एक कागद काढला. त्यावर रस्ता होता. नेहमीच्या वाटेने परिवहन कार्यालय चार किलोमीटर. यांचा रस्ता सात किलोमीटर.

"साहेब, हा कुठला रस्ता?"

"उजवी वळणं वजा केलीत," ते म्हणाले. "तीन होती. एक उरलं."

आपल्याकडे गाड्या रस्त्याच्या डावीकडून जातात, त्यामुळे डावे वळण म्हणजे घरातल्या घरात खोली बदलणे. उजवे वळण म्हणजे समोरून येणाऱ्यांच्या अंगणातून जाणे. आमच्या बाजारचौकात सिग्नल नाही. तिथे आधी आरसा पाहायचा, मग दिवा दाखवायचा, रस्त्याच्या मध्यरेषेला लागून यायचे आणि थांबायचे. थांबताना चाके सरळ ठेवायची. शिकाऊ माणूस ती आधीच उजवीकडे वळवून ठेवतो. मग मागून कोणी ठोकले, तर गाडी नेमकी समोरच्या वाहनांत ढकलली जाते. हे सगळे झाले की खरी परीक्षा: समोरच्या दोन वाहनांमधली फट ओळखणे.

इथे हेडकॅशियरांनी हिशेब मांडला. समोरची मोटारसायकल ताशी चाळीसने येत असेल, तर सेकंदाला अकरा मीटर सरकते. थांबलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये काढून चौक पार करायला त्यांना सहा सेकंद लागत. मी घड्याळ लावून पाहिले होते. म्हणजे सदुसष्ट मीटर मोकळे हवेत. आणि क्लच जरा लवकर सुटून इंजिन मध्येच बंद पडले, तर पुन्हा चालू करायला आणखी चार-पाच सेकंद, तेही आडवे उभे राहून. "एवढी शिल्लक त्या चौकात सकाळी दहाला कधीच नसते," ते म्हणाले.

म्हणून बाजारचौकाऐवजी रिंगरोड. तिथल्या सिग्नलला उजवीकडचा बाण आहे. बाण लागला की समोरचे थांबलेले असतात. हेच ते उरलेले एक वळण. पुलाच्या तोंडाशी सिग्नल आहे पण बाण नाही, म्हणून तिथे न वळता सरळ पुढे जायचे, मग लागोपाठ तीनदा डावीकडे. तीन डावी मिळून एक उजवे होते. हवी ती दिशा मिळते आणि तोच चौक हिरव्या दिव्यावर सरळ ओलांडायचा. शेवटी कार्यालयाचे फाटक उजव्या हाताला येते, म्हणून मागच्या रस्त्याने वळसा घालून विरुद्ध टोकाने यायचे, की फाटक डाव्या हाताला. ही वाट त्यांनी आधी स्कूटरवरून पाहिली होती, तीही रविवारी नाही. रविवारचा रस्ता म्हणजे ताळेबंदातला रस्ता. खरा व्यवहार मंगळवारी दहाला दिसतो.

आमच्या क्लिअरिंगमध्ये एक तत्त्वनिष्ठ गृहस्थ आहेत. त्यांनी हे ऐकून चहाचा कप खाली ठेवला. "ही शुद्ध फसवणूक आहे. ज्याला चौक ओलांडता येत नाही, त्याने परवाना मागूच नये. एकतीस मार्चला ठेवी फुगवून दाखवतात, तसलाच हा प्रकार."

मला त्या रात्री झोप येईना. वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे नीतीचा प्रश्न मला जमा-नावे मांडल्याशिवाय कळत नाही. ठेवी फुगवतात तेव्हा कोणाला तरी खोटे चित्र दाखवायचे असते. इथे चित्र कोणाला दाखवायचे? परीक्षक काही वाटेत उभा नसतो. परीक्षेत डावी-उजवी वळणे, मागे न घसरता चढावर गाडी थांबवून पुन्हा काढणे, उलट गाडी घेणे हे सारे नियमात आहेच. कार्यालयापर्यंत कसे आलात याला तिथे मार्क नाहीत.

उलट बाजारचौकातून गेलो असतो तर? शिकाऊ माणूस अवघड वळण घेतो, तेव्हा तो कर्ज काढत असतो आणि जामीन म्हणून समोरच्या मोटारसायकलवाल्याला उभा करतो. त्याची सही नाही, त्याला विचारलेले नाही. आम्ही बँकेत असा कागद पास करणार नाही. आपली पत ओळखून कमी रकमेचा व्यवहार करणारा माणूस भित्रा नव्हे. तो चांगला खातेदार.

पण खातेवहीला दुसरी बाजूही असते, आणि तिथे आमचे क्लिअरिंगवाले अगदीच चुकलेले नाहीत. गाडीच्या पुढेमागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' असतो. ती पाटी म्हणजे जाहीर नोटीस: सदर इसमावर पूर्ण भरवसा ठेवू नये. ती पाहून लोक अंतर राखतात, निदान शिव्या तरी आधीपासून तयार ठेवतात. पास झाल्यावर पाटी निघते. मग समोरचा धरून चालतो की याला चौक येतो. एक दिवस रिंगरोड खणलेला असणार, पोलीस शिट्टी मारून गाड्या बाजारचौकात वळवणार, आणि तेव्हा शेजारी हँडब्रेकवर कोणाचा हात नसेल. टाळलेले वळण माफ होत नाही. ते व्याजासह थकते.

आणि डावी वळणेही फुकट नसतात बरे का. पुलापाशी दुसऱ्या डाव्या वळणाला मी ओरडलो, "डावा आरसा!" गाडी आणि फुटपाथ यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीतून एक कॉलेजकुमार स्कूटर घुसवत होता. वळताना मोटारीचे मागचे चाक पुढच्यापेक्षा आतून जाते, तेव्हा त्याचा चुराच झाला असता. साहेबांनी ब्रेक दाबला, त्याला जाऊ दिले आणि कपाळ पुसून म्हणाले, "सोप्या रस्त्यावरसुद्धा जामीनदार असतातच."

ते पास झाले. त्याच दिवशी पाटी काढायला मी हात घातला, तर म्हणाले, "थांबा, एक येणे बाकी आहे." खिशातली छोटी वही काढून दाखवली. 'बाजारचौक, उजवे, सकाळी दहा' अशी नोंद, पुढे वीस चौकोन. पुढचे तीन आठवडे पाटी लावून आणि मला शेजारी बसवून त्यांनी ते वळण वीस वेळा घेतले. आधी सकाळी सहाला, मग आठला, शेवटी दहाला. विसावा चौकोन भरला तेव्हा पाटी उतरली. चतकोर रक्कमही अशी थकवून ठेवायची नाही, हा त्यांचा चाळीस वर्षांचा बाणा. त्या वीस खेपांत माझे जे वजन घटले, त्याची नोंद मात्र त्यांच्या वहीत कुठेच नाही.