थ्रेडमध्ये सांगितलं होतं

गेल्या वर्षी एका सोमवारी सकाळच्या मीटिंगमध्ये मी म्हणालो, ‘‘पण थ्रेडमध्ये सांगितलं होतं.’’ वाक्य शंभर टक्के खरं होतं. तरीही ते बोलताना आपण काहीतरी खोटं बोलतोय असं मला वाटत होतं. हे कसं काय, याचा विचार मी तेव्हापासून अधूनमधून करतो आहे.

मी बारामतीत घरून काम करतो. टीम पुणे, बारामती, इंदापूर अशी विखुरलेली आहे. त्यामुळे कामाची सगळी बोलणी स्लॅकवर होतात. रिलीजसाठी एक चॅनेल आहे, त्यात ४२ जण. चार जणांना एखाद्या क्वेरीवर वाद घालायचा असेल, तर उरलेल्या ३८ जणांचे फोन का वाजावेत? म्हणून ज्या मेसेजवर बोलायचं त्याच्याखाली थ्रेड उघडायचा आणि तिथे काय ते बोलायचं. हा नियम मीच लावून धरला होता. त्यामागचा विचार मला आजही पटतो. दुसऱ्याचं लक्ष ही फुकटची वस्तू नाही, ते त्याला न विचारता खर्च करू नये.

सपोर्टमध्ये एक मुलगी नवीन लागली होती, इंदापूरहून काम करणारी. ती प्रश्न मुख्य चॅनेलमध्येच विचारायची. ‘हे किती वाजता होणार? क्लायंटला काय सांगू?’ मी दोनदा सगळ्यांसमोर लिहिलं, ‘प्लीज, थ्रेडमध्ये.’ तिसऱ्यांदा लिहायची वेळ आली नाही. तिने विचारणंच बंद केलं. चॅनेल शांत झालं आणि मला बरं वाटलं.

मग तो रविवार. शुक्रवारी मी चॅनेलमध्ये लिहिलं होतं की रविवारी रात्री ११ वाजता डेटाबेसचं मायग्रेशन आहे, ४० मिनिटं एंट्री घेता येणार नाहीत. त्याखाली थ्रेड सुरू झाला. कुणीतरी लक्षात आणून दिलं की रोजचा बॅकअप ११.३०ला सुरू होतो. म्हणजे दोन्ही कामं शेवटची दहा मिनिटं एकमेकांच्या अंगावर येणार. बॅकअप पुढे ढकलायचा की मायग्रेशन अलीकडे आणायचं, यावर चौघांची ३१ उत्तरं झाली. चोविसाव्या उत्तरात ठरलं की मायग्रेशन ९.३०ला करायचं. मी अंगठा दिला. निर्णय योग्यच होता.

सपोर्टने मात्र क्लायंटना ११ची वेळ कळवली होती. त्यातल्या एकाच्या गोडाउनमध्ये रविवारी रात्री स्टॉक मोजून एंट्री करतात. साडेनऊपासून त्यांच्या एंट्री नाकारल्या जायला लागल्या. ते वैतागले, फोन त्या मुलीला गेले. मोजलेला माल कागदावर लिहून घेऊन पुन्हा चढवेपर्यंत त्यांना रात्रीचा एक वाजला. सोमवारी ‘सपोर्टने चुकीची वेळ का सांगितली’ असा प्रश्न आला आणि मी ते वाक्य बोललो. ती शांतपणे म्हणाली, ‘‘दादा, थ्रेडमध्ये सांगितलं म्हणजे कुणाला सांगितलं?’’

तांत्रिक उत्तर सोपं आहे. थ्रेडमधल्या नव्या उत्तराची सूचना कुणाला जाते? ज्याने मूळ मेसेज लिहिला, ज्यांनी थ्रेडमध्ये उत्तर दिलं, ज्यांचा नावाने उल्लेख झाला आणि ज्यांनी मुद्दाम तो थ्रेड फॉलो केला, त्यांना. ती यांपैकी कुणीच नव्हती. तिला मुख्य चॅनेलमध्ये माझा मेसेज दिसत होता आणि त्यात अजूनही ११च लिहिलेलं होतं. खाली ‘३१ उत्तरं’ एवढाच आकडा. आकड्यावरून चर्चा झाली हे कळतं, मूळ मेसेज खोटा पडलाय हे कळत नाही.

यावर एक आक्षेप मी स्वतःच तेव्हा मनात घेतला होता. थ्रेड काही कुलूपबंद नव्हता. तिने उघडून वाचायला हवा होता, तीही जबाबदार आहे. आता मला हा आक्षेप टिकत नाही असं वाटतं. दिवसाला वीस-पंचवीस थ्रेड होतात. ते सगळे सगळ्यांनी वाचायचे असतील तर थ्रेडचा उपयोगच काय? ‘तुम्हाला वाचायची गरज नाही’ असं सांगण्यासाठीच तर आपण बाजूला जाऊन बोलतो. शिवाय वेळ बदलली हे मला माहीत होतं. तिला ते माहीत नव्हतं आणि आपल्याला काही माहीत नाही, हेही माहीत असायचं कारण नव्हतं. जो नेमकं काय शोधायचं हे जाणत नाही, त्याच्यावर शोधण्याची जबाबदारी टाकता येत नाही. ती बदल करणाऱ्याकडेच राहते.

आमच्याकडे हे समजायला स्लॅक लागत नाही. नीरा डावा कालवा बारामतीहून पुढे इंदापूर तालुक्यात जातो आणि आमचं शेत शेवटाकडे, ‘टेल’ला. पाण्याची पाळी बदलली तर ते वरच्या अंगाला पाटकऱ्याजवळ जे उभे असतात त्यांना आधी कळतं. टेलचा माणूस मात्र ठरल्या वेळी रात्री बॅटरी घेऊन दारं धरायला येतो आणि कोरड्या चारीकडे बघत बसतो. त्याच्यापासून कुणी काही लपवलेलं नसतं. चारचौघांतच बोलणं झालेलं असतं, फक्त त्या चौघांत तो नसतो.

इंटरनेटचे तांत्रिक नियम लिहिणाऱ्या आयईटीएफनेही हा प्रश्न फार पूर्वी ओळखला होता. त्यांच्या कार्यगटांची मार्गदर्शिका १९९८ची आहे, `RFC 2418`. तिच्यात म्हटलं आहे की जो विषय मेलिंग लिस्टवर चर्चिला गेलेला नाही, त्यावर प्रत्यक्ष बैठकीत काही ठरलं तर ते लिस्टवर सगळ्यांपुढे तपासणीसाठी आणलंच पाहिजे. बाजूला बसून बोलायला हरकत नाही. पण जे ठरलं ते, बैठकीला येऊ न शकलेल्यांसमोर यायला हवं.

आता मी थ्रेड बंद करताना एक प्रश्न विचारतो. यात जे ठरलं त्यामुळे थ्रेडबाहेरचं कुणी उद्या काही वेगळं करणार आहे का? नसेल तर थ्रेड तिथेच संपला. असेल तर शेवटचं उत्तर लिहिताना `Also send to #releases` या चौकोनात टिचकी मारतो. ते उत्तर थ्रेड न वाचताही कळेल असं लिहितो: ‘रविवारचं मायग्रेशन ११ऐवजी ९.३०ला, १०.१०पर्यंत एंट्री बंद.’ नुसतं ‘ओके, मग ९.३० फायनल’ असं बाहेर पाठवलं तर वाचणाऱ्याला काय फायनल ते कळत नाही. मूळ मेसेजही दुरुस्त करतो, पण तेवढ्यावर थांबत नाही. दुरुस्तीची सूचना कुणाला जात नाही, कोपऱ्यात बारीक `(edited)` दिसतं. ज्याने आधीच वाचलंय तो परत कशाला बघेल? आणि हे जबाबदारीने कुणी करायचं? ज्याने मूळ मेसेज लिहिला त्याने. चौघांवर सोडलं की चौघंही दुसऱ्याने केलं असेल असं धरून चालतात.

या पद्धतीत एक भोक आहे आणि ते मला अजून बुजवता आलेलं नाही. बाहेर कुणावर परिणाम होणार, हे थ्रेडमधल्या माणसांना ठाऊक असावं लागतं. क्लायंटना वेळ सपोर्ट कळवतं हे त्या शुक्रवारी आमच्या चौघांच्याही डोक्यात नव्हतं. ते आम्हाला कळण्याचा एकच मार्ग होता, तो म्हणजे मुख्य चॅनेलमध्ये सगळ्यांसमोर विचारलेला ‘क्लायंटला काय सांगू?’ हा प्रश्न. मी त्याला गोंगाट समजलो आणि शिष्टाचार म्हणून बंद केला.

मी तिची माफी मागितली, मुख्य चॅनेलमध्ये. ती पुन्हा विचारते, पण पूर्वीइतकं नाही.