झाकली मूठ

सिंगापुरात डेटा सायन्स शिकणारा जवळजवळ प्रत्येक नवशिका एकदा तरी एचडीबीच्या घरांच्या किमतींकडे वळतो. इथली दहापैकी जवळपास आठ माणसं एचडीबीच्या, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या घरांत राहतात, आणि पुनर्विक्रीच्या प्रत्येक व्यवहाराची नोंद data.gov.sg वर कुणालाही फुकट मिळते. विक्रीचा महिना, नगर, ब्लॉक, मजला, क्षेत्रफळ, भाडेपट्टा कधी सुरू झाला आणि शेवटी किंमत. तुमच्या घरात कुणी मुलगा किंवा भाची इथे शिकत असेल, तर तिच्या लॅपटॉपवर हा प्रकल्प असण्याची शक्यता बरीच आहे.

गेल्या वर्षी ओळखीतला असाच एक मुलगा पहिल्या मुलाखतीच्या आदल्या रात्री आमच्याकडे आला. नुकताच मास्टर्स झालेला, नोकरी शोधायला मिळालेली मुदत संपत आलेली. मी पोस्टडॉक, लोकांचे निकाल तपासणं हा माझा रोजचाच उद्योग. म्हणून तो म्हणाला, "दादा, एकदा ऐकून घ्याल का?"

त्याने सांगितलं ते असं. २०१७ ते २०२२ या वर्षांतले व्यवहार घेतले. त्यांतले ८० टक्के चिठ्ठ्या टाकल्यासारखे कसेही उचलून मॉडेलला शिकवायला दिले आणि उरलेल्या २० टक्क्यांवर परीक्षा घेतली. अंदाज सरासरी २५ हजार डॉलरने चुकत होता. घराची किंमत साधारण ५ लाख धरली, तर नवशिक्यासाठी हे छानच.

इथे तो थांबला. मी विचारलं, "पुढे?" त्याने जरा चुळबुळ करून पुढचं सांगितलं. वर्गातल्या एका मैत्रिणीने त्याला सहज विचारलं होतं: ऑगस्ट २०२१ मधल्या घराचा अंदाज करताना तुझ्या मॉडेलने त्याच ब्लॉकमधलं सप्टेंबरचं घर आधीच पाहिलं होतं का? पाहिलं होतं. कसेही उचललेल्या व्यवहारांत भूतकाळ आणि भविष्यकाळ एकमेकांत मिसळलेले असतात. त्यावर त्याने दोनच ओळी बदलल्या:

```python
train = df[df["month"] < "2021-01"]
test  = df[df["month"] >= "2021-01"]
```

आता २०२० पर्यंतचं शिकायचं आणि २०२१-२२ चं सांगायचं. चूक २५ हजारांवरून ६० हजारांवर गेली, आणि अंदाज जवळजवळ नेहमी एकाच बाजूला, कमी पडत होता. कारण सरळ आहे. त्याचं मॉडेल रँडम फॉरेस्ट प्रकारचं होतं, आणि असं मॉडेल शेवटी पाहिलेल्या किमतींच्या सरासऱ्याच काढतं. बाजार वर सरकला तरी ते जुन्याच भावांत अडकून राहतं. पुनर्विक्रीचा निर्देशांक २०२१ मध्ये १२.७ टक्क्यांनी आणि २०२२ मध्ये आणखी १०.४ टक्क्यांनी चढला. मॉडेलला याचा पत्ताच नव्हता.

मग त्याने आणखी एक केलं. एका महिन्यापर्यंतचं शिकवायचं, फक्त पुढच्या महिन्याचा अंदाज घ्यायचा, मग तो महिनाही शिकवणीत टाकून पुढे सरकायचं. चूक ३० हजारांच्या आसपास आली. म्हणजे मॉडेल टाकाऊ नव्हतं, त्याबद्दलचा दावा मोठा होता. "मी किमती सांगू शकतो" याचं "मी पुढच्या महिन्यापुरतं सांगू शकतो" एवढंच उरलं.

हे सगळं सांगून झाल्यावर त्याने खरा प्रश्न विचारला. "दादा, पहिला आकडा सांगून थांबलो तर? खोटं तर काहीच नाही. त्यांना कळणार थोडंच?"

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे, आणि ही म्हण मूर्खपणाची नाही. मुलाखत हा एक प्रकारचा बाजारच आहे. समोरचे तरी पगाराची वरची मर्यादा कुठे सांगतात? मग बिचाऱ्या नवशिक्यानेच का मूठ उघडायची?

मला वाटतं, या युक्तिवादात गफलत आहे ती विकल्या जाणाऱ्या मालाबद्दल. त्याचं मॉडेल कुणीच विकत घेणार नव्हतं. ती कंपनी घेणार होती त्याचा शब्द. उद्या तो म्हणेल, "चूक २५ हजारांची आहे," आणि त्यावर कुणीतरी निर्णय घेईल. नोकरीतला पहिला अहवाल तो मुलाखतीतच देत होता. २५ हजार हा आकडा खोटा नव्हता, हे खरं. एखाद्या जुन्या महिन्यातल्या, नोंद हरवलेल्या व्यवहाराची किंमत काढायची असती तर तीच परीक्षा योग्य ठरली असती. पण तो सांगत होता येत्या काळातल्या किमतींबद्दल. खरा आकडा चुकीच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून पुढे केला, की ऐकणाऱ्याची फसवणूकच होते, आणि ती पकडणं जास्त अवघड असतं.

म्हणून सगळ्याच चुका सांगायच्या का? नाही. त्याच्या फाइलमध्ये उरलेला भाडेपट्टा `61 years 04 months` असा शब्दांत लिहिलेला होता. त्याचा आकडा करण्यात त्याचे दोन दिवस गेले. ते सांगितलं नाही तरी चालेल. त्याने फक्त वेळ खाल्ला, निकालाचा अर्थ बदलला नाही. ज्या चुकीमुळे आकड्याचा अर्थ बदलतो, ती सांगणं मात्र ऐकणाऱ्याचं देणं आहे. ती वगळली तर त्याला पारख करताच येत नाही.

एवढं त्याला पटलं. दुसऱ्यांदा सांगताना त्याने चूक सांगितली, पण अशी: "निकाल पाहून मला शंका आली, म्हणून मी तारखेनुसार विभागणी केली." मैत्रीण गायब! त्याला हे लक्षातही आलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा तो ओशाळला.

मला हा मोह पहिल्यापेक्षा जास्त विचार करण्यासारखा वाटतो. चुकीतून शिकलेला उमेदवार मुलाखतीत आवडतो, हे आता सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे चूक लपवण्याऐवजी ती सजवून मांडायची ओढ लागते, आणि कबुली हीच एक नवी झाकली मूठ होते. "मला शंका आली" या तीन शब्दांत तो स्वतःकडे नसलेली एक नजर आपली म्हणून सांगत होता. नेमकी तीच नजर आहे असं समजून कुणी त्याला कामावर घेतलं असतं, तर पुढच्या वेळी प्रश्न विचारायला ती मैत्रीण शेजारी बसलेली नसती.

शेवटी त्याने सांगायचं ठरवलं ते असं: प्रश्न कोणता होता, परीक्षा कशी घेतली, ती का चुकली, ते कुणाच्या प्रश्नामुळे कळलं, मग काय बदललं आणि आता दावा किती उरला. चार मिनिटं लागली.

मुलाखतीत समोरच्या बाईंनी एकच प्रश्न विचारला. "मैत्रिणीने विचारलं नसतं, तर तुला कसं कळलं असतं?" तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "तेव्हा कळलं नसतं. आता मी चूक महिन्यानुसार मांडून बघतो. ती एका बाजूला झुकत गेली तर थांबतो."

ती नोकरी त्याला मिळाली नाही. का, ते कुणी सांगितलं नाही. दोन महिन्यांनी दुसरीकडे मिळाली, तिथेही त्याने हेच सांगितलं होतं. यावरून काही सिद्ध होत नाही. दोन व्यवहारांवरून किमतीचा अंदाज करू नये, हे तोच तुम्हाला सांगेल. मी त्याला प्रामाणिकपणा फळतो असं सांगितलं नव्हतं आणि तुम्हालाही सांगत नाही. एवढंच म्हणतो, की तुमच्या घरातलं कुणी मुलाखतीच्या आदल्या रात्री तयारी करत असेल, तर त्याला "चूक सांग" एवढ्यावर सोडू नका. ती कुणी दाखवली, हेही विचारा.